अंगठीचे प्रॉंग वर्षातून एकदा कसे तपासायचे, आणि रिटिपिंगमध्ये नेमकं काय होतं

अंगठीतला खडा धरून ठेवणारं सोनं फार थोडं असतं. अर्ध्या कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण पाच मिलिमीटर. चार प्रॉंगच्या अंगठीत प्रत्येक प्रॉंगचं टोक त्या हिऱ्याच्या कडेवरून आत वळलेलं असतं, तेही जेमतेम मिलिमीटरभर. अंगठीचं कडं कितीही जाड असलं, खालची जाळी कितीही सुबक असली, तरी खडा वर निसटू न देण्याचं काम ही चार टोकंच करतात. आणि रोज परातीला, दाराच्या कडीला, बसच्या दांड्याला पहिल्यांदा लागतात तीही हीच.

मी सोलापुरात सराफी पेढीवर दुरुस्तीचा गल्ला बघतो. गिऱ्हाईक अंगठी पुढे करून म्हणतं, “जरा टाइट करून द्या.” दर वेळी टाइट करणं हा इलाज नसतो. प्रॉंगचे आजार तीन. टोक झिजतं, प्रॉंग उचलला जातो किंवा त्याला चीर जाते. रिटिपिंग, म्हणजे झिजलेल्या टोकावर नवं सोनं चढवणं, हा यातल्या पहिल्याचाच इलाज आहे. उचललेल्या प्रॉंगला नुसतं बसवून भागतं, चिरलेला बदलावा लागतो. आपल्या अंगठीला यातलं काय झालंय हे घरी बऱ्यापैकी कळू शकतं. इथे मी मुख्यतः १८ कॅरेटमधल्या चार किंवा सहा प्रॉंगच्या हिऱ्याच्या अंगठीबद्दल लिहितोय. राशीच्या खड्यांचा प्रश्न उष्णतेपाशी येऊन वेगळा होतो, तो तिथेच सांगतो.

प्रॉंग आतून कसा असतो

प्रॉंग म्हणजे सरळ उभा दांडा, त्याचं टोक नुसतं वाकवलेलं, असं दिसतं. पण त्याच्या आतल्या बाजूला एक खाच कापलेली असते आणि खड्याची सगळ्यात रुंद कड त्या खाचेत बसते. खाचेच्या वरचं सोनं खड्याच्या उतारावर दाबून बसवतात आणि त्याला गोल घुमटी देतात. ही खाच करताना प्रॉंगची एक तृतीयांश ते निम्मी जाडी जाते. निम्म्याहून जास्त खोल कापली, तर अंगठी नवी असतानाच प्रॉंग कमजोर झालेला असतो.

म्हणजे प्रॉंगच्या दोन जागांवर लक्ष ठेवायचं. वरची घुमटी घासून झिजते आणि खाचेपाशी दांडा बारीक असल्यामुळे तो तिथे वाकतो किंवा चिरतो. झीज वर्षानुवर्षं सावकाश होते. वाकणं मात्र एका धक्क्याचं काम.

झीज होते कशाने? सोनं मऊ आहे. आपल्याकडच्या धुळीत गारगोटीचे जे सूक्ष्म कण असतात ते सोन्यापेक्षा कितीतरी कठीण. भांडी घासायची पावडर, राख, तारेची घासणी, लोखंडी तव्याची कड यांनीही रोज थोडं थोडं सोनं जातं. शेजारच्या बोटात दुसरी खड्याची अंगठी असेल तर तिचा खडा हिच्या प्रॉंगला कानशीसारखा घासतो. त्याच बोटात खाली साधं वळं घालायची सवय असेल तर ते कोंदणाचा पाया घासतं आणि ही झीज वरून दिसत नाही. २२ कॅरेटच्या अंगठीत प्रॉंग आणखी मऊ असतात, म्हणून त्यात ते झिजण्याच्या आधी वाकतात. ब्लीचिंग पावडर आणि जलतरण तलावातलं क्लोरीन याचा त्रास पांढऱ्या सोन्याला जास्त. तिथे प्रॉंग झिजलेला न दिसताही ठिसूळ होऊन तुटू शकतो.

तपासायची वेळ आणि तयारी

वर्षातून एकदा घरी नीट बघायचं आणि त्याच सुमाराला एकदा कारागिराकडून बघून घ्यायचं. अंगठी रोज बोटात असेल, त्यातच भाकरी आणि धुणीभांडी होत असतील, तर कारागिराकडे सहा महिन्यांनी. दिवस कुठलाही धरा, मी लोकांना जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपल्यानंतरचा आठवडा सुचवतो. दिवाळीच्या तोंडावर कारागिराला मान वर करायला वेळ नसतो आणि लग्नसराई भरात आली की पुन्हा तेच. घाईत केलेलं रिटिपिंग ओळखू येतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

लागणाऱ्या वस्तू थोड्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ज्याला दुकानात लूप म्हणतात. लाकडी दातकोरणी. मऊ केसांचा जुना ब्रश. एक वाडगा. एक टर्किश टॉवेल, जो सोलापुरात घरोघरी असतो. आणि फोनचा कॅमेरा.

सगळ्यात आधी अंगठी धुवायची. वाडग्यात कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब घालून अंगठी दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवा. मग ब्रशने खड्याच्या खालून, जाळीच्या आतून आणि प्रॉंगच्या कुशीतून घासा. बेसिनच्या नळाखाली धुवू नका. वाडग्यातच विसळा आणि ते पाणी गाळून मगच फेका. खडा आधीच सुटत आला असेल तर तो धुताना निघू शकतो.

धुण्याचं खरं कारण स्वच्छता नाही. ज्वारीचं पीठ, साबणाचा चिकट थर, क्रीम, तेल असं सगळं खड्याच्या खाली साचतं, वाळतं आणि खड्याला घट्ट धरून ठेवतं. सुटलेला खडा त्या मळावर महिनोन्महिने टिकून राहतो, हलत नाही, वाजत नाही. अंगठी धुतली की मळ जातो आणि खडा टिकटिक करायला लागतो. गिऱ्हाईक मग तक्रार घेऊन येतं, की तुम्ही धुतली आणि खडा ढिला केलात. खडा आधीपासून ढिलाच होता, धुतल्यावर तो नुसता उघडा पडला. म्हणून मळक्या अंगठीवर केलेली कुठलीही तपासणी धरायची नाही.

आता बघायचं

भिंग टेबलावर धरून लांबून वाकून बघायचं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि अंगठी भिंगाच्या दिशेने आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्वच्छ होतं. दोन्ही हात एकमेकांना टेकवले की थरथर थांबते. उजेड बाजूने येऊ द्या, वरून आला तर हिऱ्याच्या चमकेत प्रॉंग दिसतच नाहीत.

पहिली नजर बाजूने टाका. अंगठी आडवी धरून एकेका प्रॉंगची बाह्यरेषा बघा. चांगल्या प्रॉंगचं टोक खड्याच्या उतारावरून स्पष्ट उठून दिसतं, छोट्या घुमटीसारखं. झिजायला लागलेलं टोक सपाट आणि जास्तच चकचकीत दिसतं. आणखी झिजलं की ते खड्याच्या पृष्ठभागाशी जवळजवळ एकजीव होतं आणि सोनं कुठे संपतं, हिरा कुठे सुरू होतो, ते बोटाला कळत नाही. इथे बहुतेकांची फसगत होते. वर आलेलं, टोचणारं टोक त्रास देतं म्हणून लोक दुकानात येतात. झिजून गुळगुळीत झालेलं टोक कशातच अडकत नाही, उलट अंगठी जास्त सुखाची वाटते. म्हणून पूर्वी साडीच्या काठात अडकणारी अंगठी आता अडकत नाही, हे आपोआप चांगलं लक्षण होत नाही. झीज फारच झाली तर टोकाचा पत्रा होतो आणि तो पुन्हा धाग्यात अडकायला लागतो, पण तिथपर्यंत थांबायचं नसतं.

चारही प्रॉंगची एकमेकांशी तुलना करा. झीज सहसा सारखी नसते. हात कुठे आपटतो त्यावर ती अवलंबून असते आणि बहुतेक वेळा एका बाजूचे दोन प्रॉंग पुढे गेलेले असतात. निर्णय त्यातल्या सगळ्यात वाईट प्रॉंगवरून घ्यायचा.

दुसरी नजर वरून. प्रॉंगचं टोक आणि खडा यांच्यामध्ये काळी रेघ किंवा उजेडाची फट दिसते का? दिसली तर टोक उचललंय. प्रॉंग सरळ आहेत का, की एखादा बाजूला कललाय? खड्याचा सपाट माथा अंगठीच्या कड्याशी समांतर आहे का, की एका अंगाला झुकलाय? खडा झुकला असेल तर एका बाजूची कड खाचेतून बाहेर आलीच समजा.

तिसरी नजर खालून आणि आतून. इथे प्रॉंग कोंदणाला जिथे जोडलेला असतो तो सांधा बघायचा आणि खाचेची पातळी बघायची. केसासारखी आडवी रेघ दिसली, ब्रशने घासूनही गेली नाही, तर ती चीर असू शकते. घरच्या तपासणीची मर्यादाही इथेच आहे. झीज आणि उचल भिंगातून समजतात, पण खाचेच्या आत लपलेली चीर कारागिराच्या मायक्रोस्कोपखालीही कधी कधी खडा काढल्याशिवाय दिसत नाही.

बघून झालं की हात लावायचा. टॉवेलच्या फंद्यांवरून, म्हणजे त्या उभ्या गोल धाग्यांवरून, अंगठी चारही दिशांनी हलकेच ओढा. फंदा अडकला तर कोणत्या प्रॉंगला अडकला ते भिंगातून बघा, तिथे टोक उचललेलं असतं. मग अंगठीचं कडं दोन बोटांत धरून कानाजवळ आणा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने कड्यावर हलकी टिचकी मारा. घट्ट बसलेल्या खड्याची अंगठी बद्द आवाज करते. ढिला खडा मागोमाग बारीक टिक करतो. मधल्या खड्याच्या दोन्ही अंगांना बारीक हिरे असतील तर आवाज त्यांचाही असू शकतो, कुठला ते पुढच्या चाचणीत कळतं.

शेवटी दातकोरणी. खड्याच्या कडेला बाजूने अगदी हलका दाब द्या आणि त्या वेळी खड्याकडे न बघता त्याच्या माथ्यावर पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे बघा. खडा केसभर जरी हलला तरी प्रतिबिंब उडी मारतं. गोल खडा जागच्या जागी फिरतो का तेही असंच कळतं. खालून वर ढकलू नका आणि सुई किंवा टाचणी वापरू नका. मोती, ओपल यांच्यावर तर सुईचा ओरखडा कायमचा राहतो.

प्रत्येक प्रॉंगचा बाजूने एक फोटो काढून ठेवा. फोनच्या कॅमेऱ्यापुढे लूप धरला तरी चालतो. झीज इतकी सावकाश होते की ती एका वर्षाच्या नजरेत येत नाही, मागच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच येते.

खडा सुटत आल्याची चिन्हं, आणि त्या दिवशी काय करायचं

खडा वाजतो, प्रतिबिंब उडी मारतं, माथा झुकलाय, एका प्रॉंगचं टोकच दिसत नाही, यातलं काहीही दिसलं तर अंगठी त्या क्षणी बोटातून काढायची. चार प्रॉंगच्या अंगठीत एक गेला की खड्याला त्या बाजूने बाहेर पडायला वाट मिळते. सहा प्रॉंगमध्ये एखादा गेला तरी खडा काही काळ टिकतो, पण त्या भरवशावर घालत राहायचं नाही. बदाम किंवा चौकोनी आकाराच्या खड्यांत टोकांवरचे प्रॉंग सगळ्यात महत्त्वाचे, कारण तिथला प्रॉंग सैल झाला की खडा सुटण्याआधी त्याचं टोकच टवकतं.

आणखी एक चिन्ह लोक धरत नाहीत. अंगठी एखाद्या दिवशी जोरात आपटली, खडा जागेवर आहे, सगळं ठीक दिसतंय. तरी त्या दिवशी वर्षाची वाट न बघता टॉवेल, कान आणि दातकोरणी एवढ्या तीन चाचण्या करून टाका.

काढलेली अंगठी कापसात गुंडाळू नका, कापसाचे धागे उचललेल्या प्रॉंगमध्ये अडकून ओढ बसते. छोट्या झिपच्या पिशवीत टाका, म्हणजे खडा निघाला तरी पिशवीतच राहील. नखाने किंवा पकडीने प्रॉंग दाबायचा प्रयत्न करू नका. पकड एका बाजूने दाबते, खड्याची कड टवकते आणि आधीच वाकून कडक झालेला प्रॉंग तुटतो. फेविक्विक तर अजिबात नको. तो खड्याला धरत नाही, फक्त हालचाल लपवतो, आणि आम्हाला झाळण्याआधी तो थेंबन्‌थेंब विरघळवून काढावा लागतो.

टाइट करणं, रिटिपिंग की नवा प्रॉंग

टोकात सोनं भरपूर आहे पण ते उचललंय, तर ते दाबून परत बसवतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पण तोच प्रॉंग दर वर्षी उचलला जात असेल तर पुन्हा पुन्हा वाकवून सोनं कडक होतं आणि खाचेपाशी चिरतं. असा प्रॉंग तिसऱ्यांदा टाइट करण्यापेक्षा कारण शोधावं. बहुतेकदा खाच खोल कापलेली असते किंवा अंगठी बोटाला सैल असते आणि खडा सारखा तळहाताकडे फिरून आपटत असतो.

टोक झिजलंय पण खाच आणि खालचा दांडा शाबूत आहे, तर रिटिपिंग. दांडाच बारीक झालाय, चिरलाय किंवा पायाशी घासलाय, तर त्याच्यावर नवं टोक चढवून उपयोग नाही. तिथे नवा प्रॉंग लावतात आणि तीन-चार प्रॉंगची तीच गत असेल तर अख्खं कोंदण बदलतात. जुन्या, बारीक तारेच्या अंगठ्यांत कोंदण बदलणं शेवटी स्वस्तच पडतं.

रिटिपिंगमध्ये काय करतात

आधी अंगठी पुन्हा धुतली जाते, या वेळी अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफेने. मळ राहिला तर झाळताना तो जळून सोल्डर बसत नाही. मग कारागीर झिजलेलं टोक कानशीने हलकं घासून आतलं ताजं सोनं उघडं करतो. त्याच कॅरेटच्या आणि त्याच रंगाच्या सोन्याचा छोटा गोळा किंवा तारेचा तुकडा त्या टोकावर बसवून जोडतो. हे जोडणं दोन रीतींनी होतं. जुनी रीत टॉर्चच्या ज्योतीची, सोल्डर लावून. नवी रीत लेझरची, ज्यात तार ठिपक्याठिपक्याने वितळवून चढवतात आणि उष्णता त्या ठिपक्यापुरतीच राहते. लेझर प्रत्येक कार्यशाळेत नसतो. काम कुठे आणि कोणत्या रीतीने होणार हे अंगठी देतानाच विचारावं.

जोडल्यावर ते टोक खड्याच्या उतारावर बसवून, वाटीच्या आकाराच्या कटरने त्याला गोल घुमटी देतात, मग पॉलिश. पांढऱ्या सोन्याची अंगठी असेल तर झाळल्यावर रंग पिवळसर दिसतो, म्हणून वरून पुन्हा ऱ्होडियमचा पांढरा मुलामा चढवावा लागतो. हा खर्च आधीच धरावा.

सोनं किती लागतं, यावर मात्र लोकांची समजूत चुकीची असते. एक मिलिमीटर व्यासाचा १८ कॅरेटचा गोळा साधारण आठ मिलिग्रॅमचा. चार टोकं नवी केली तरी सोनं तीस-पस्तीस मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा तिसावा भागही जेमतेम. तुम्ही पैसे देता ते हाताच्या कामाचे आणि जोखमीचे, तेही सहसा दर प्रॉंगमागे. कोणी चार टोकांना ग्रॅमभर सोनं लागलं म्हणून बिल लावत असेल तर अंगठीचं आधीचं आणि नंतरचं वजन मागा.

उष्णता आणि खडा: इथे घाई करायची नाही

हिरा ज्योत सोसतो, पण उघड्यावर नाही. फार तापलेला हिरा हवेत पृष्ठभागावर जळतो आणि दुधाळ होतो. म्हणून कारागीर बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून अंगठीवर त्याचा थर देतो, मग तापवतो, आणि अंगठी हळूहळू निवू देतो. तापलेली अंगठी पाण्यात बुडवली तर चांगला हिराही तडकू शकतो.

हे सगळं साध्या, कसलीही भराई न केलेल्या हिऱ्यापुरतं. ज्या हिऱ्याच्या आतल्या भेगा काचेसारख्या पदार्थाने भरलेल्या असतात, तो ज्योतीखाली गेला की ती भराई बिघडते आणि भेगा उघड्या पडतात. त्यामुळे सर्टिफिकेटवर कसली प्रक्रिया लिहिली असेल तर ते सर्टिफिकेट अंगठीसोबत दाखवा.

राशीच्या खड्यांत तर खडा काढूनच काम करवून घ्यावं किंवा लेझरने. माणिक, नीलम आणि पुष्कराज उष्णता बऱ्यापैकी सोसतात, पण हिऱ्याला वाचवणारा तोच बोरिकचा थर त्यांचा पृष्ठभाग खातो. हिऱ्याची सवय असलेला हात इथे चुकू शकतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कित्येक माणकांत शिसेयुक्त काच भरलेली असते, ती उष्णतेनेच काय, झाळल्यानंतरच्या आम्लाच्या पाण्यानेही बिघडते. पाचूच्या भेगांत सहसा तेल असतं, त्याला ज्योत नको आणि अल्ट्रासॉनिकही नको. मोती, पोवळं, ओपल ज्योतीजवळ न्यायचेच नाहीत.

खडा काढून परत बसवण्यात वेळ आणि मजुरी जास्त जाते. पण “काढायची गरज नाही, असंच होतं” असं कोणी पाचूबद्दल म्हणालं तर अंगठी परत घेतलेली बरी.

एक अंगठी, सुरुवातीपासून

जुळे सोलापुरातल्या एक शिक्षिका साखरपुड्याची अंगठी घेऊन आल्या होत्या. १८ कॅरेट पिवळं सोनं, अर्ध्या कॅरेटचा हिरा, चार प्रॉंग, दहा-अकरा वर्षं रोजच्या वापरात, खाली साधं वळं. तक्रार एवढीच की शाल अडकते. त्यांच्या मते एक प्रॉंग टाइट केला की झालं.

मळकी असताना खडा हलत नव्हता. धुतल्यावर टिचकी मारली तर टिक ऐकू आली. भिंगातून बोटाच्या टोकाकडचे दोन प्रॉंग खड्याशी सपाट झालेले दिसले. मनगटाकडच्या दोघांपैकी एक चांगला घुमटदार होता. शालीत अडकणारा होता चौथा. त्याच्या टोकात सोनं पुरेसं होतं, पण तो कागदभर उचललेला होता आणि खाचेपाशी आडवी रेघ दिसत होती. म्हणजे तक्रार एका प्रॉंगची, आणि तिन्ही आजार एकाच अंगठीत.

तो चौथा दाबून बसवला असता तर शाल अडकायची थांबली असती, बाई समाधानाने गेल्या असत्या आणि प्रॉंग पुढच्या एखाद्या धक्क्याला चिरेवर तुटला असता. त्यातून दोन टोकं आधीच निकामी, म्हणजे हिरा एका प्रॉंगवर.

ठरलं ते असं. दोन टोकांना रिटिपिंग, चौथ्याच्या जागी नवा प्रॉंग, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. “चारही एकदम करून घ्या ना,” असं त्या म्हणाल्या. पण ज्यात सोनं शिल्लक आहे तो घासून पुन्हा चढवण्यात अर्थ नव्हता. नवा प्रॉंग लावायला खडा काढावाच लागणार होता, त्यामुळे उष्णतेची काळजी उरली नाही. खडा काढण्याआधी त्यांच्यासमोर वजन केलं, २.८४ ग्रॅम. हिऱ्याचा व्यास मोजला, फोटो काढला, सर्टिफिकेटचा नंबर पावतीवर लिहिला. खडा निघाल्यावर त्याच्या कडेला, चौथ्या प्रॉंगखाली, बारीक टवका सापडला. जुना होता, प्रॉंगने झाकला गेला होता. कारागिराने काम थांबवून त्यांना बोलावून भिंगातून दाखवला, पावतीवर नोंदवला आणि खडा बसवताना तो पुन्हा प्रॉंगखालीच येईल असा फिरवून बसवला. अंगठी परत गेली तेव्हा वजन २.८६ ग्रॅम होतं. वळं दुसऱ्या हातात घाला, एवढी एक विनंती वरून केली. भाकरी करताना अंगठी काढून ठेवायचं त्यांनी कबूल केलंय, करतात की नाही ते पुढच्या जानेवारीत दिसेल.

देताना आणि घेताना

पावतीवर वजन, कॅरेट, खड्यांची संख्या, मुख्य खड्याचं माप आणि आधीपासून असलेला टवका किंवा ओरखडा, एवढं लिहून घ्या. कोणत्या प्रॉंगवर काय काम होणार तेही शब्दांत लिहून घ्या, नुसतं “दुरुस्ती” नको.

घेताना गडबडीत बोटात घालून निघू नका. पेढीवरच भिंग मागा. नव्या टोकाची घुमटी खड्यावर चारही अंगांनी टेकलेली हवी, खाली काळी फट नको. सोल्डर खड्याच्या पृष्ठभागावर ओघळलेलं नको. टोकं आकाराने साधारण सारखी हवीत. एखादं टोक मोठ्या थेंबासारखं जाडजूड राहिलं असेल तर ते घाईत आकार न देता सोडलेलं असतं, तेच पुढे अडकतं. हिऱ्यावर पांढुरका पापुद्रा दिसला तर आधी पुन्हा वाफ मारून घ्या, बोरिकचा अंश राहिला असेल तर तो निघून जातो. तरीही धुरकट राहिला तर हिरा जळलाय, आणि ते तिथेच, पेढीवर उभं असतानाच बोलायचं. दाखवायला लाजायचं कारण नाही, आम्हीही देताना बघतोच.

मग खिशातला किंवा पर्समधला रुमाल काढा, टॉवेल असेल तर उत्तम, आणि अंगठी त्यावरून चारही दिशांनी ओढून बघा. कानाशी नेऊन टिचकी मारा. प्रत्येक प्रॉंगचा नवा फोटो काढून मागच्या फोटोशेजारी ठेवा.